पळताना दुखत नाही, किक मारताना दुखतं: एका फुटबॉलपटूच्या जांघेच्या दुखापतीचं प्रकरण

ओळख पटू नये म्हणून खेळाडूचं नाव, संघ आणि स्पर्धा यांचे तपशील गाळले आहेत. दुखापतीचा क्रम, तपासणीतल्या नोंदी आणि घेतलेले निर्णय जसे होते तसे दिले आहेत. मी या संघाची फिजिओ होते.

## खेळाडू आणि पार्श्वभूमी

वय २१, उजव्या पायाचा विंगर. संघाचे कॉर्नर आणि बहुतेक फ्री किक तोच घ्यायचा. मागच्या मोसमात त्याच बाजूला, मांडीच्या आत, त्याला हलकी ओढ लागली होती. तेव्हा त्याने आठवडाभर विश्रांती घेतली, दुखणं थांबलं आणि तो परत खेळायला लागला. मधल्या काळात त्या स्नायूची ताकद कुणी मोजली नव्हती आणि त्यासाठी वेगळा व्यायामही झाला नव्हता.

दुखापतीच्या आधीचे दहा-बारा दिवस महत्त्वाचे ठरतात. एका आठवड्यात तीन सामने झाले होते. शिवाय बाद फेरी जवळ आली म्हणून तो सराव संपल्यावर एकटाच थांबून लांब क्रॉस आणि फ्री किक मारत असे, रोज चाळीस-पन्नास तरी. ही माहिती पहिल्या दिवशी मिळाली नाही. "सराव किती झाला?" असं विचारलं की खेळाडू संघाच्या सरावाचे तास सांगतो, नंतर मारलेल्या किक त्याच्या हिशेबात नसतात. "किती बॉल मारलेस?" असं विचारल्यावर आकडा बाहेर आला.

## दुखापत

रविवारचा सामना, सत्तराव्या मिनिटाच्या आसपास. बॉल थोडा पुढे गेला होता आणि बचावपटू अंगावर येत होता. त्याने पाय लांबवून, जवळजवळ ताणून, पळता पळताच क्रॉस मारला. त्याच क्षणी मांडीच्या आत, वरच्या भागात कळ आली. तरी तो दहा मिनिटं खेळला. सरळ पळता येत होतं, पण पायाच्या आतल्या बाजूने साधा पास द्यायला गेला की कळ यायची, म्हणून त्याने स्वतःच बदली मागितली.

अशा दुखापतीत बहुतेक वेळा ॲडक्टर लाँगस हा स्नायू सापडतो. ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या जघनास्थीपासून निघून तो मांडीच्या हाडाच्या मधल्या भागाला चिकटतो आणि पाय आत ओढतो. जोरात किक मारताना पाय आधी मागे आणि थोडा बाहेर जातो. तिथून तो पुढे यायला लागतो तेव्हा हा स्नायू लांब होत असतानाच जोर लावत असतो. लांबलेल्या अवस्थेत, झपाट्याने आणि पूर्ण जोर लावून केलेलं हे काम सरळ पळण्यात जवळपास नसतंच. या प्रकरणातला सगळ्यात अवघड निर्णय याच फरकाभोवती फिरला.

## तपासणीत काय दिसलं

सोमवारी सकाळी तपासलं. चाल जवळपास सरळ होती, फक्त गाडीत बसताना पाय आत घेताना तो तोंड वाकडं करत होता. बोटाने दाबल्यावर जघनास्थीच्या खाली चार-पाच सेंटीमीटरवर, स्नायूला हाडाशी जोडणारी कंडरा जिथे स्नायूत मिसळते तिथे, नेमकं दुखत होतं. खुद्द हाडावर दाबून दुखत नव्हतं. बोटाला खड्डा लागत नव्हता, काळं-निळं पडलेलं नव्हतं. हाडाला चिकटण्याच्या जागीच दुखापत असेल किंवा बोटाला खड्डा लागत असेल, तर काम आठवड्यांवरून महिन्यांवर जाऊ शकतं. म्हणून या दोन गोष्टी नीट पाहायला मी वेळ घेतला.

पुढची चाचणी स्क्वीझ. खेळाडू उताणा झोपतो, पाय सरळ, माझा हात त्याच्या घोट्यांच्या मध्ये, आणि तो पाच सेकंद पूर्ण ताकदीने दाबतो. दुखणं ० ते १० मध्ये सांगायचं. त्याने ६ सांगितलं. गुडघे वाकवून तीच चाचणी केली तेव्हा ३. पाय बाहेर नेऊन तिथून आत ओढायला लावलं तेव्हा पुन्हा ६. स्नायू लांब असताना सगळ्यात जास्त दुखतंय हे इथेच स्पष्ट झालं.

जांघेत दुखतं म्हणजे दर वेळी ॲडक्टरच असं नसतं. २०१४ मध्ये दोह्यात भरलेल्या तज्ज्ञांच्या बैठकीने खेळाडूंच्या जांघदुखीची ॲडक्टरशी, मांडी पोटाकडे उचलणाऱ्या सोआस स्नायूशी, जांघेच्या नळीशी आणि जघनास्थीच्या सांध्याशी संबंधित अशी विभागणी केली. खुब्याच्या सांध्यातून येणारं दुखणं वेगळं धरलं. त्याच क्रमाने मी तपासत गेले. मांडी पोटाकडे उचलताना विरोध केला तर दुखत नव्हतं. खोकल्यावर, उठून बसताना जांघेच्या नळीवर दुखत नव्हतं. खुबा वाकवून आत फिरवला तरी काही नाही. त्या पायावर एकट्याने उड्या मारल्या तरी खोल दुखत नव्हतं, रात्री झोपमोड नव्हती. म्हणजे मांडीच्या हाडाच्या मानेला ताणाने तडा गेल्याची शंका मागे पडली. वृषणात दुखणं किंवा सूज आहे का हेही विचारलं. हा प्रश्न विचारायला अनेकांना अवघडल्यासारखं होतं, पण वृषणाला पीळ पडला असेल तर दुखणं जांघेत जाणवू शकतं आणि तिथे हातात फक्त काही तास असतात.

हातात धरायच्या डायनामोमीटरने ताकद मोजली. उजवा पाय डाव्याच्या ६२ टक्क्यांवर होता. पहिल्या दिवशीचा हा आकडा खरी ताकद दाखवत नाही, दुखण्यामुळे माणूस जोरच लावत नाही. पुढची तुलना करायला तो लागतो, इतकाच त्याचा उपयोग.

## समोर कोणते पर्याय होते

पहिला वाद एमआरआयवरून झाला. खेळाडूच्या वडिलांना तो त्याच दिवशी हवा होता, आणि त्यांची काळजी रास्त होती. मी न करण्याच्या बाजूने होते. खड्डा नाही, हाडावर दुखत नाही, चालता येतं, आणि दुखण्याची जागा एका बोटाने दाखवता येते. या चित्रात एमआरआयने पहिल्या आठवड्याचं काम बदलणार नव्हतं. संघाच्या डॉक्टरांचंही तेच मत पडलं. मात्र अट लिहून ठेवली: आठ दिवसांत स्क्वीझचं दुखणं निम्म्यावर आलं नाही, किंवा नव्याने खड्डा वा मोठं काळं-निळं दिसलं, तर लगेच एमआरआय. अशी तारीख आणि कारण लिहून दिलं की "बघू पुढे" या उत्तराने वाढणारी अस्वस्थता बरीच कमी होते. वडील यावर समाधानी झाले.

दुसरा प्रश्न उपचाराचा. पूर्ण विश्रांती घेऊन दुखणं गेलं की खेळायचं, ही त्याची स्वतःची पसंती होती. मागच्या वेळी त्याने तेच केलं होतं. माझा आक्षेप नेमका त्यावरच होता: विश्रांतीने दुखणं थांबतं, स्नायू मात्र तितकाच कमजोर राहतो, आणि जांघेला आधी झालेली दुखापत हे पुढच्या दुखापतीचं ठळक कारण आहे. १९९९ मध्ये डेन्मार्कमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात जांघ खूप दिवस दुखणाऱ्या खेळाडूंच्या एका गटाला ८ ते १२ आठवडे व्यायाम दिला आणि दुसऱ्या गटाला मसाज, स्ट्रेचिंग, लेझर अशा गोष्टी दिल्या. व्यायामाच्या गटातले २३ जण न दुखता खेळायला परतले, दुसऱ्या गटातले ४. तो अभ्यास जुनाट दुखण्याचा होता, ताज्या दुखापतीचा नव्हता, हे मी त्याला सांगितलं. पण कमजोर स्नायूला काम दिल्याशिवाय तो सुधारत नाही, हे दोन्हीकडे सारखंच.

तिसरा पर्याय कोचकडून आला. तेरा दिवसांनी, शनिवारी, उपांत्य सामना होता. "पट्टी बांधून, गोळी देऊन खेळवता येईल का? नाहीतर इंजेक्शन?" इंजेक्शनला डॉक्टरांनी साफ नकार दिला. बधिर केलेल्या स्नायूवर पूर्ण जोराची किक मारली तर थांब म्हणणारी एकमेव खूण, म्हणजे दुखणं, नाहीशी होते. पट्टी आणि गोळीवर मी त्या दिवशी हो किंवा नाही म्हटलं नाही. सामन्याचा निर्णय गुरुवारी, ठरलेल्या चाचण्यांवर घ्यायचा असं कोचशी ठरवलं. सोमवारीच "खेळेल" म्हटलं असतं तर पुढचे सगळे आकडे त्या शब्दाला साजेसे वाचले गेले असते.

## पहिला आठवडा

दुसऱ्या दिवसापासूनच काम सुरू झालं. गुडघ्यांच्या मध्ये बॉल धरून दाबणं, पाच सेकंदांचं एक, असे दहा, तीन वेळा. आधी गुडघे वाकवून, मग पाय थोडे सरळ करत. नियम सोपा ठेवला: दुखणं ० ते २ असेल तर चालू, ३ ते ५ असेल तर जोर कमी, ६ किंवा त्याहून वर गेलं तर थांबायचं. दुसऱ्या दिवशी सकाळची स्क्वीझ हा कालच्या कामाचा निकाल. शून्य दुखण्याचा हट्ट धरला नाही, कारण तसं केलं तर पहिले पाच-सहा दिवस काहीच होत नाही.

त्याला स्ट्रेचिंगची घाई होती. स्नायू "आखडल्यासारखा" वाटतो म्हणून तो सारखे पाय फाकवून बसायचा. ते थांबवलं. ताज्या दुखापतीत ती आखडण्याची भावना स्नायू आखूड झाल्यामुळेच येते असं नाही, अनेकदा तो स्नायू स्वतःला सांभाळत असतो, आणि दुखऱ्या जागी जोर देऊन ताणलं की दुखणं लांबतं.

चौथ्या दिवशी गुडघे वाकवून स्क्वीझ १, पाय सरळ ठेवून ३. पाचव्या दिवसापासून उभं राहून रबर बँडने पाय आत ओढणं, बाजूला सरकत जाणारे लंज, आणि एक दिवसाआड कोपनहेगन ॲडक्शन. या व्यायामात एका कुशीवर झोपून वरचा पाय बाकावर किंवा जोडीदाराच्या हातात ठेवायचा आणि त्या पायाच्या आतल्या बाजूने शरीर उचलायचं. सुरुवातीला आधार गुडघ्याखाली दिला, म्हणजे भार कमी पडतो. सहा-सहाचे दोन सेट. नॉर्वेतल्या फुटबॉलपटूंवर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात याच एका व्यायामाने जांघेच्या तक्रारींचा धोका ४१ टक्क्यांनी कमी आढळला. तो प्रतिबंधासाठी होता, पण स्नायू लांबत असताना जोर लावायला शिकवणारा यापेक्षा सोपा, बिनसाहित्याचा मार्ग मला माहीत नाही.

सहाव्या दिवशी हलकं सरळ पळणं सुरू झालं, आठव्या दिवशी ते वेगात आलं. एमआरआयची अट त्याच दिवशी तपासली: पाय सरळ ठेवून स्क्वीझ ६ वरून २ वर आली होती. एमआरआय केला नाही.

## किकची शिडी

पळण्याची प्रगती आणि किकची प्रगती मी वेगवेगळ्या कागदांवर ठेवते. या प्रकरणात त्याचाच सगळ्यात जास्त उपयोग झाला. किकच्या पाच पायऱ्या ठरवल्या. पहिली, पाच ते दहा मीटरवर आतल्या बाजूने हळू पास. दुसरी, पंधरा-वीस मीटरवर घट्ट पास, दोन्ही पायांनी. तिसरी, थांबलेला बॉल पंचवीस-तीस मीटरवर उंच उचलून मारणं, जोर साठ-सत्तर टक्के. चौथी, पळता पळता क्रॉस, हलता बॉल, पाय लांबवावा लागेल अशा जागी. पाचवी, पूर्ण जोराचे शॉट आणि कॉर्नर, तेही सरावाच्या शेवटी, थकलेल्या पायाने.

एका सत्रात एकच पायरी. बॉल मोजायचे, वीस ते तीस, आणि आकडा खेळाडूनेच लिहायचा. पुढच्या सकाळी स्क्वीझ ० ते २ असेल तरच वर जायचं.

चौथी पायरी मुद्दाम अशी ठेवली होती, कारण दुखापत तिथेच झाली होती. थांबलेला बॉल मारताना खेळाडू स्वतःला सोयीची जागा निवडतो. सामन्यात बॉल ती निवड करू देत नाही.

आठव्या दिवशी पहिली पायरी, नवव्या दिवशी दुसरी, दोन्हींच्या पुढच्या सकाळी दुखणं शून्य ते एक. दहाव्या दिवशी, बुधवारी, आधी स्प्रिंट घेतल्या. नव्वद टक्के वेगाने पळाला, चेहऱ्यावर आठीही नाही. मग तिसरी पायरी. पहिले पाच बॉल चांगले गेले, त्यानंतर मी बॉलकडे पाहणं सोडून त्याच्याकडे पाहायला लागले. मागे जाणारा पाय दर वेळी थोडा कमी जात होता. टेकलेला डावा पाय बॉलच्या फार जवळ पडत होता आणि कंबर मागे झुकत होती. बॉल तीस मीटरवर पोहोचत होता, पण सपाट जात होता, उचलला जात नव्हता. "किती दुखतंय?" विचारलं तर म्हणाला, "दोन असेल, मॅडम." आठव्या बॉलनंतर पुन्हा विचारलं, तेव्हा, "चार." तिथे थांबवलं.

खेळाडू दुखण्याचा आकडा मुद्दाम खोटा सांगतो असं नसतं. शरीर किकची पद्धत बदलून दुखणं टाळतं, आणि मग आकडा खरोखरच कमी येतो. म्हणून आकड्याबरोबर मागचा पाय किती मागे जातो आणि बॉल किती उचलला जातो हे पाहावंच लागतं. मोबाइलवर बाजूने व्हिडिओ काढून दुखापतीच्या आधीच्या सामन्यातल्या क्रॉसशी ताडून पाहिलं की फरक खेळाडूलाही दिसतो. इथे त्याला तो दिसला, आणि पुढचं बोलणं सोपं गेलं.

## उपांत्य सामन्याचा निर्णय

गुरुवारी सकाळी स्क्वीझ ३. आदल्या दिवशी ती शून्य होती. डायनामोमीटरवर उजवा पाय डाव्याच्या ८३ टक्क्यांवर. पळण्याच्या सगळ्या चाचण्या मात्र पार.

खेळाडू म्हणाला, "पळताना काहीच होत नाही. फक्त मारताना. मी कॉर्नर घेणार नाही, चालेल ना?" कोचचा प्रस्तावही जवळपास तोच होता: शेवटची वीस मिनिटं, कॉर्नर-फ्री किक दुसऱ्याला, त्याने फक्त पळायचं आणि छोटे पास द्यायचे.

हा प्रस्ताव मी लगेच झटकला नाही. सामना मोठा होता, त्याच्या वेगाचा संघाला उपयोग झाला असता, आणि वीस मिनिटांत बॉलला स्पर्श तरी किती वेळा होणार? कोच, डॉक्टर आणि मी बसून एकच गोष्ट विचारात घेतली: विंगवर बॉल मिळाला, समोर जागा मोकळी असली आणि संघ मागे असला, तर हा क्रॉस मारणार नाही का? कोच स्वतःच म्हणाले, "मारणारच. मीच ओरडून सांगेन." कुठली किक मारायची हे सामन्यात प्रसंग ठरवतो, आणि पूर्ण जोराची किक हीच त्याच्या पायाची न तपासलेली हालचाल होती. तिसरी पायरीच पार झाली नव्हती, चौथी तर पाहिलीही नव्हती.

न खेळवायचं ठरलं. खेळाडूला ते पटलं नाही, पण व्हिडिओ पाहिल्यावर त्याने वाद घातला नाही. तो संघासोबत गेला, बाकावर बसला नाही. संघ तो सामना एका गोलने हरला. पुढचे काही दिवस "तो असता तर" हे बोलणं कानावर येत राहिलं, आणि त्याला ते झेलावं लागलं. हा निर्णय बरोबर होता का, याचं उत्तर निकालातून मिळत नाही. खेळवलं असतं तर तो सहीसलामत बाहेर आलाही असता. त्या गुरुवारी हातात असलेल्या माहितीवर धोका घेण्यासारखा नव्हता, एवढंच मी म्हणू शकते.

## पुढचे दोन आठवडे

तिसऱ्या पायरीवर दोन दिवस किक बंद ठेवल्या, ताकदीचं काम चालू ठेवलं. चौदाव्या दिवशी तीच पायरी पुन्हा, या वेळी बॉल पंधरा आणि जोर साठ टक्के. दुखणं १. कोपनहेगनमधला आधार गुडघ्याकडून घोट्याकडे सरकवला, म्हणजे भार वाढला, आठ-आठचे तीन सेट, एक दिवसाआड. दिशा बदलत पळणंही याच काळात आलं, आधी ठरलेल्या वळणांवर, मग समोरच्याला पाहून अचानक.

सतराव्या दिवशी चौथी पायरी. मी बॉल मुद्दाम अर्धा मीटर लांब सोडत होते. पहिल्या तीन-चार क्रॉसना तो कचरत होता, नंतर पाय मोकळेपणाने मागे जायला लागला आणि बॉल उचलले जाऊ लागले. सकाळी स्क्वीझ १. एकोणिसाव्या दिवसापासून तो संघाबरोबर सरावाला गेला, अंगाला अंग भिडणारे खेळ वगळून. विसाव्या दिवशी पाचवी पायरी, सरावाच्या शेवटी वीस कॉर्नर. बाविसाव्या दिवशी उजवा पाय डाव्याच्या ९७ टक्क्यांवर आला, स्क्वीझ शून्य, आणि पूर्ण सराव सुरू झाला.

पूर्ण सराव आणि सामना यांच्यात पुन्हा अंतर ठेवलं. सव्विसाव्या दिवशी तीस मिनिटं, पुढच्या सामन्यात साठ, त्यानंतर पूर्ण. कॉर्नर त्याने पहिल्या सामन्यात घेतले नाहीत, दुसऱ्यापासून घेतले.

## निकाल

मोसमाच्या उरलेल्या भागात दुखापत परतली नाही. एकदा, पुन्हा तीन सामन्यांच्या आठवड्यात, सकाळची स्क्वीझ ३ आली. त्या आठवड्यात सरावातल्या लांब किक अर्ध्यावर आणल्या आणि चार दिवसांत ती शून्यावर गेली. एकही सामना चुकला नाही.

याला मर्यादा आहेत. ही मध्यम स्वरूपाची, स्नायू-कंडरेच्या जोडावरची दुखापत होती आणि खेळाडू २१ वर्षांचा होता. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलात जघनास्थीवरचा वाढीचा भाग अजून पक्का झालेला नसतो. तिथे हाडावर दुखत असेल तर तपासणीचा आणि भार वाढवण्याचा वेग, दोन्ही वेगळे लागतात. आणि दुखणं काही महिन्यांचं असेल तर हे वेळापत्रक लागू होत नाही.

## पुढच्या वेळी काय वेगळं करता येईल

किकची पहिली पायरी आठव्या दिवसापर्यंत थांबवायची गरज नव्हती. गुडघे वाकवून स्क्वीझ चौथ्या दिवशीच १ वर आली होती, आणि पाच मीटरवरचा हळू पास तेवढ्यात बसतो. पाचव्या-सहाव्या दिवशी सुरुवात केली असती तर तिसरी पायरी बुधवारऐवजी सोमवारच्या आसपास आली असती, आणि उपांत्य सामन्याआधी चौथी पायरी पाहायला दोन-तीन दिवस मिळाले असते. निर्णय कदाचित तोच राहिला असता, पण जास्त माहितीवर घेतला गेला असता.

दुसरं, किकची शिडी कोचला पहिल्याच दिवशी लेखी द्यायला हवी. त्यांना पळण्याचा तक्ता माहीत होता. गुरुवारी "पळतोय की" हा आग्रह त्यातूनच आला. पाचपैकी कितव्या पायरीवर आहे हे रोज कळत असतं, तर त्यांनी वीस मिनिटांचा प्रस्ताव बहुधा मांडलाच नसता.

तिसरं दुखापतीच्या आधीचं. मोसम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक खेळाडूची स्क्वीझ आणि ताकद मोजून ठेवली असती, तर मागच्या वर्षीच्या ओढीनंतर उजवा पाय मागे राहिला होता का हे कळलं असतं. आम्ही डाव्या पायाशी तुलना केली कारण दुसरा आधार नव्हता, आणि उजव्या पायाच्या विंगरचा डावा पाय हा काही उत्तम मापदंड नाही. आता मोजणी मोसमाआधी होते, आणि सामन्यांच्या काळात आठवड्यातून एकदा सकाळी पाच सेकंदांची स्क्वीझ. सरावानंतर मारलेल्या लांब किक खेळाडूंनी स्वतः लिहायच्या असं ठरलं आहे. कोपनहेगन आठवड्यातून दोनदा, आठ-आठचे दोन सेट. सामन्याच्या आदल्या दिवशी घेत नाही, कारण नव्याने सुरू करणाऱ्यांची मांडी दुसऱ्या दिवशी चांगलीच अवघडते.